गिब्जचें कोडें

इ. स. १८७६ आणि १८७८ या दोन सालीं अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानच्या एका लहानशा विद्वत्सभेच्या कार्यवृत्तांत सुमारें तीनशें पृष्ठांचा एक निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक जोसाया विलर्ड गिब्ज हा न्यू हेवन येथील येल कॉलेजांत गणिती पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक होता. १८७१ सालीं ही जागा त्याला मिळाली खरी. परंतु तिला पगार नव्हता, आणि पुढें जवळजवळ नऊ वर्षें तो बिनपगारीच शिकवीत राहिला. निबंधाचा विषय होता भिन्नजातीय द्रव्यांच्या समतोलाचा. ज्या नियतकालिकांत तो छापला तें युरोपांत फारसें कोणी वाचीत नसे, आणि निबंधाची भाषाहि इतकी आटोपशीर होती कीं जर्मन व फ्रेंच वाचकांस तो सुगम होण्यास १८९२ व १८९९ सालचीं भाषांतरें व्हावीं लागलीं. या निबंधांत वायूंच्या मिश्रणाविषयीं दोनतीन पानांचा मजकूर आहे. गिब्जनें तो एखादा शेरा मारून पुढें जावें तसा लिहिला. पण त्या दोनतीन पानांतून जो वाद निघाला तो शंभर वर्षांनंतरहि पुरता शमलेला नव्हता. त्या वादाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम एंट्रॉपी या शब्दाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. हा शब्द क्लॉसियस या जर्मन शास्त्रज्ञानें १८६५ सालीं बनविला. एखाद्या पदार्थास अगदीं सावकाश, केव्हांहि मागें फिरतां येईल अशा रीतीनें उष्णता दिली, तर त्या उष्णतेला त्या वेळच्या निरपेक्ष उष्णतामानानें भागून जो आंकडा येतो, तितकी त्या पदार्थाची एंट्रॉपी वाढली असें समजावयाचें. तिचा मुख्य गुण असा कीं, ती पदार्थाच्या अवस्थेवर अवलंबून असते, त्या अवस्थेस तो कोणत्या वाटेनें आला यावर नव्हे. म्हणून एखादी घटना धसमुसळेपणानें, मागें न फिरतां येण्याजोगी घडली, तरी तिच्यांतील एंट्रॉपीची वाढ मोजतां येते. आरंभ व शेवट तेच ठेवून दुसरी एक सावकाश वाट शोधून काढावी आणि तिच्यावर हिशेब करावा म्हणजे झालें.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. एका बंद पेटीचे मधोमध पडदा घालून दोन सारखे भाग केले आहेत. डावीकडे एक मोल, म्हणजे २८ ग्रॅम, नत्रवायु आहे. उजवीकडे एक मोल, म्हणजे ३२ ग्रॅम, प्राणवायु आहे. दोहोंचें उष्णतामान २७ अंश सेंटिग्रेड, म्हणजे निरपेक्ष मापानें ३०० अंश, आणि दोहोंचा दाब एक वातावरण. अशा स्थितींत प्रत्येक भागाचें घनफळ सुमारें साडेचोवीस लिटर भरतें. पडदा काढून घेतला तर काय होईल? उष्णतामापक हलणार नाहीं, दाब बदलणार नाहीं, उष्णता आंत येणार नाहीं कीं बाहेर जाणार नाहीं. फक्त कांहीं वेळानें दोन्ही वायु पेटीभर सारखे पसरलेले आढळतील, आणि ते आपण होऊन पुन्हां वेगळे होणार नाहींत. वायु आदर्श आहेत, म्हणजे त्यांच्या रेणूंत परस्पर आकर्षण नाहीं, असें आपण धरलें आहे. सामान्य हवेच्या दाबाला हें गृहीत व्यवहारापुरतें पुरेसें खरें असतें.

या घटनेची सावकाश वाट इंग्लंडांत लॉर्ड रॅले यानें १८७५ सालींच दाखविली होती. साध्या पडद्याऐवजीं एकमेकांस चिकटून असलेले दोन सरकते पडदे मधोमध बसवावयाचे. डावीकडच्या पडद्यांतून नत्रवायु आरपार जातो, पण प्राणवायु अडतो. उजवीकडच्या पडद्यांतून प्राणवायु जातो, पण नत्रवायु अडतो. नत्रवायु पहिल्या पडद्यांतून सहज पलीकडे येईल आणि दुसऱ्या पडद्याला उजवीकडे रेटूं लागेल. प्राणवायूहि तसाच दुसऱ्यांतून अलीकडे येऊन पहिल्याला डावीकडे रेटील. दोन पडदे हळूहळू दूर जातील, त्यांच्यामध्यें मिश्रण वाढत जाईल, आणि शेवटीं पडदे पेटीच्या दोन टोकांच्या भिंतींना जाऊन भिडतील. पडद्यांना दोऱ्या बांधून त्यांच्याकडून वजन उचलवितां येईल. वायूचें उष्णतामान कायम ठेवण्यासाठीं पेटी ३०० अंशांच्या मोठ्या पाण्याच्या टाकींत ठेवली आहे असें समजूं. म्हणजे जितकें कार्य वायु करतील तितकीच उष्णता ते पाण्यांतून घेतील, कारण आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा केवळ उष्णतामानावर ठरते.

हिशेब आतां सोपा आहे. प्रत्येक वायु आपल्या घनफळाच्या दुप्पट पसरला. एक मोल वायु असा पसरतांना जें कार्य करतो तें म्हणजे वायु-स्थिरांक ८.३१४, निरपेक्ष उष्णतामान ३०० आणि २ या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिथम ०.६९३ या तिहींचा गुणाकार; तो सुमारें १७२९ ज्यूल येतो. दोन वायूंचें मिळून ३४५८ ज्यूल. एवढ्या कार्यांत ५० किलोग्रॅमचें पोतें सात मीटर, म्हणजे दोन मजले, उंच चढवितां येईल. तितकीच उष्णता पाण्यांतून आली. तिला ३०० नें भागिलें म्हणजे एंट्रॉपीची वाढ दर अंशास ११.५ ज्यूल ठरते. पडदा एकदम काढून घेतला असतां तें कार्य कोणाच्याच हातीं लागत नाहीं, पण अंतिम अवस्था तीच असल्यामुळें एंट्रॉपीची वाढ तीच. आणि वायु पुन्हां वेगळे करावयाचे झाल्यास निदान ३४५८ ज्यूल तरी पदरचे खर्चावे लागतील.

असे पडदे केवळ कल्पनेंतले आहेत असें कोणीं समजूं नये. विल्यम रॅमझे यानें १८९४ सालीं पॅलेडियम धातूची नळी घेऊन तो प्रयोग केला. तापलेल्या पॅलेडियममधून हायड्रोजन जातो, नत्रवायु जात नाहीं. नळींत नत्रवायु कोंडून बाहेरून हायड्रोजन सोडला असतां हायड्रोजन आंत शिरला आणि नळींतील दाब बाहेरच्यापेक्षां वाढला.

येथें एक गैरसमज दूर करणें बरें. पुष्कळ पाठ्यपुस्तकांत ही एंट्रॉपी मिसळण्यामुळें वाढली असें लिहिलेलें असतें. वस्तुतः ती पसरण्यामुळें वाढली. दोन्ही वायु साडेचोवीस साडेचोवीस लिटरांत असतां त्यांस अशाच पडद्यांच्या साह्यानें एकमेकांत सरकवून एकाच साडेचोवीस लिटरांच्या जागेंत आणलें, तर मिश्रण तर पुरतें होतें, पण एंट्रॉपी तिळमात्र बदलत नाहीं. दाब मात्र दुप्पट होतो. मिश्रणाची एंट्रॉपी ही त्यांतील प्रत्येक वायु एकटाच त्या जागेंत असतां त्याची जी एंट्रॉपी असती त्यांची बेरीज होय, हा गिब्जचाच सिद्धांत आहे. हा भेद ध्यानांत ठेवला नाहीं तर पुढचें कोडें नीट कळत नाहीं.

गिब्जनें लक्ष वेधलें तें या गोष्टीकडे कीं, वरील हिशेबांत वायूंच्या जातीचा कोठेंहि संबंध आला नाहीं. नत्रवायु आणि प्राणवायूऐवजीं हायड्रोजन आणि क्लोरीन घ्या, आंकडा तोच. नत्रवायु आणि कार्बन मोनॉक्साइड घ्या. या दोघांच्या रेणूचें वजन २८ च आहे, घनता सारखी, घट्टपणा जवळजवळ सारखा, उत्कलनबिंदूंतहि थोडकेंच अंतर. फरक म्हणाल तर एक वायु आपण प्रत्येक श्वासांत घेतों आणि दुसरा माणसास मारतो. तरी आंकडा ११.५ च. परंतु दोन्हीकडे नत्रवायूच घेतला कीं तोच आंकडा एकदम शून्य होतो. साम्य वाढत गेलें म्हणून तो हळूहळू उतरत नाहीं. शेवटच्या पायरीवर तो एकदम खालीं पडतो.

शून्य कां, याचें गिब्जनें दिलेलें उत्तर साधें आहे, आणि माझ्या मतें पुढच्या कित्येक उत्तरांपेक्षां तें अधिक निर्दोष आहे. दोन्ही भागांत सारख्या दाबाचा नत्रवायु असतां पडदा काढला आणि पुन्हां बसविला, तर दोन्ही भागांत पूर्वीं होता तितकाच, त्याच दाबाचा, त्याच उष्णतामानाचा नत्रवायु असतो. अवस्था तीच, म्हणून एंट्रॉपीहि तीच. जर पडदा काढतांना ती वाढली म्हणावें, तर पडदा काढघाल करीत बसणारा मनुष्य ती अमर्याद वाढवूं शकला असता. यावर कोणी म्हणेल कीं अवस्था तीच कशी? डावीकडचे रेणु उजवीकडे गेले, उजवीकडचे डावीकडे आले! गिब्जचें म्हणणें असें कीं, "मूळ अवस्थेस आणणें" या शब्दांचा दोन ठिकाणीं आपण दोन प्रकारें अर्थ करतों. भिन्न वायु वेगळे करा म्हणतांना प्रत्येक रेणु आपल्या जुन्या जागीं जावा अशी आपली मागणी नसते. डावीकडे सगळा नत्रवायु आणि उजवीकडे सगळा प्राणवायु असावा एवढीच असते. तीच मोजपट्टी एकजातीय वायूस लावली तर करावयास कांहीं उरतच नाहीं. पडद्यांची युक्तिहि येथें कुंठित होते, कारण नत्रवायूस जाऊं देणारा पडदा दोन्ही बाजूंच्या नत्रवायूस जाऊं देतो, अडविणारा दोहोंस अडवितो. रेटला कोणताच जात नाहीं आणि पोतें जागचें हलत नाहीं. अर्थात् हें सारख्या दाबापुरतें खरें. एकीकडे एक मोल आणि दुसरीकडे तीन मोल नत्रवायु असेल तर पडदा काढल्यावर एंट्रॉपी वाढेलच. पण ती दाब समान होण्याची वाढ आहे, तिचा मिसळण्याशीं संबंध नाहीं.

गिब्जला यांत कोडें वाटलें नव्हतें. "गिब्जचें कोडें" या नांवानें लेख १८९४ सालीं जर्मनींत विडेबुर्ग यानें लिहिला, आणि तेव्हांपासून तें नांव रूढ झालें. आक्षेप असा: निसर्गांत कारण थोडें बदललें तर परिणामहि थोडाच बदलावा, मग दोन वायूंतील भेद अगदीं नाहींसा होईपर्यंत पूर्ण वाढ आणि नाहींसा होतांच शून्य, हा उडीचा न्याय कसा मानावा?

या आक्षेपाचा एक जबाब तो उपस्थित होण्यापूर्वींच एका थोर पुरुषानें देऊन ठेवला होता. केंब्रिजचा मॅक्सवेल हा युरोपांत गिब्जची योग्यता ओळखणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ. गिब्जच्या आधींच्या एका निबंधावरून पाण्याच्या अवस्था दाखविणारी प्लॅस्टरची प्रतिकृति त्यानें स्वतःच्या हातानें घडविली व तिची एक प्रत न्यू हेवनला धाडली. १८७८ सालीं ब्रिटिश ज्ञानकोशासाठीं वायूंच्या परस्पर प्रसरणावर लिहितांना त्यानें हाच प्रश्न घेतला. त्याचा आशय असा कीं, आज ज्यांस आपण एकच वायु समजतों त्यांत उद्यां कोणी दोन जाती शोधून काढील आणि त्या वेगळ्या करण्याची रीत सांपडवील, तर जेथें कांहींच वायां गेलें नाहीं असें आपण मानीत होतों तेथें कार्यशक्ति वायां गेली असें म्हणावें लागेल. म्हणजे ऊर्जा विखुरली कीं नाहीं हें कांहीं अंशीं आपल्या ज्ञानावर व सामर्थ्यावर अवलंबून आहे. पुढच्याच वर्षीं मॅक्सवेल वारला.

त्याचें हें अनुमान अक्षरशः खरें ठरावें असा योग होता. ज्या रॅमझेनें पॅलेडियमची नळी वापरली, त्यानेंच १८९८ सालीं ट्रॅव्हर्सबरोबर हवेंतून निऑन हा नवा वायु काढला. कोणत्याहि मूलद्रव्याशीं संयोग न पावणारा हा वायु एकजिनसीपणाचा नमुनाच म्हणावयाचा. पण १९१२-१३ च्या सुमारास जे. जे. टॉमसन यास केंब्रिज येथें निऑनच्या किरणांत २० आणि २२ अशा दोन वजनांच्या खुणा दिसल्या. त्याचा सहकारी अ‍ॅस्टन यानें मातीच्या सच्छिद्र नळ्यांतून निऑन पुनःपुन्हां झिरपवून दोन भागांच्या घनतेंत किंचित् फरक पाडून दाखविला, आणि १९१९ सालीं वस्तुमान-वर्णलेखक या आपल्या नव्या यंत्रानें शंका मिटविली. निऑनच्या शंभर अणूंत सुमारें नव्वद २० वजनाचे आणि नऊ २२ वजनाचे असतात. २१ वजनाचे हजारांत दोनतीनच.

आतां एका पेटींत डावीकडे शुद्ध निऑन-२० चा एक मोल आणि उजवीकडे निऑन-२२ चा एक मोल आहे असें समजा. ज्याला हा भेद ठाऊक नाहीं आणि ज्याजवळ साधा दाबमापक व उष्णतामापक एवढेंच साहित्य आहे, तो पडदा काढल्यावर एंट्रॉपी वाढली नाहीं म्हणेल, अ‍ॅस्टन ११.५ म्हणेल. यांतला खोटा कोण? कोणीच नाहीं. पहिल्यास हें मिश्रण करतांना पोतें उचलविण्याचें साधन नव्हतें. म्हणून त्याच्या सर्व प्रयोगांत आणि हिशेबांत कोठेंहि विसंगति येत नाहीं. दुसऱ्यापाशीं दोहोंस वेगळें ओळखणारी रीत आहे, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. रसायनशास्त्राच्या कोष्टकांत पदार्थांच्या एंट्रॉपीचे जे आंकडे छापतात त्यांत आजहि समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या अशा निरनिराळ्या वजनांच्या अणूंच्या, मिश्रणाचा वांटा धरीत नाहींत. नैसर्गिक निऑनच्या एका मोलास तो सुमारें २.७ ज्यूल दर अंशास येतो. सामान्य रासायनिक क्रियेंत समस्थानिकांचें प्रमाण बदलत नसल्यामुळें हा वांटा दोन्ही बाजूंस सारखाच पडतो आणि वजाबाकींत जातो. समस्थानिक वेगळे करण्याच्या कारखान्यांत मात्र तो विसरून चालत नाहीं.

याच सुमारास दुसऱ्या बाजूनें एक वेगळी अडचण पुढें आली. बोल्ट्झमान यानें १८७७ सालीं दाखविलें कीं एंट्रॉपी म्हणजे रेणूंच्या संभाव्य मांडण्यांच्या संख्येचा लॉगॅरिथम. हा विचार सरळपणें लावला तर प्रत्येक रेणूला पूर्वीं एका भागांतली जागा होती, पडदा निघाल्यावर दुप्पट झाली. म्हणून वायु एकच असला तरी मांडण्या भराभर वाढतात आणि गिब्जचें शून्य मिळेनासें होतें. चूक कोठें आहे हें चार रेणूंवर पाहूं. त्यांस नांवें द्या. पडदा नसतां प्रत्येक रेणु डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणून एकंदर सोळा मांडण्या. पडदा असतां दोन डावीकडे व दोन उजवीकडे; पण कोणते दोन? तें आपणांस ठाऊक नाहीं, आणि चारांतून दोन निवडण्याच्या रीती सहा आहेत. सरळ हिशेबांत या सहांऐवजीं एकच रीत धरली जाते, ही ती चूक. तेव्हां वाढ एकापासून सोळापर्यंत नव्हे, सहापासून सोळापर्यंत. दहा रेणु घेतले तर २५२ पासून १०२४ पर्यंत, म्हणजे चौपट. शंभर घेतले तर मांडण्यांची संख्या एकावर तीस शून्यें एवढी प्रचंड, पण वाढ फक्त साडेबारा पट. आपल्या पेटीभर रेणु घेतले तर या पटीचा लॉगॅरिथम अठ्ठावीसच्या आसपास भरतो. उलट भिन्न वायूंच्या बाबतींत तोच लॉगॅरिथम आठावर तेवीस शून्यें एवढा असतो. अठ्ठावीस हा आंकडा त्यापुढें शून्यच, आणि तोहि केवळ दोन्हीकडील रेणूंची संख्या आतां थोडी कमीजास्त होऊं शकते यामुळें आला आहे.

व्यवहारांत ही दुरुस्ती मांडण्यांच्या संख्येला रेणूंच्या अदलाबदलीच्या संख्येनें भागून करतात. १९१२ सालीं साकुर आणि टेट्रोडे यांनीं असा भागाकार करून एकाणु वायूच्या एंट्रॉपीचें सूत्र काढलें आणि पाऱ्याच्या वाफेवर तें पडताळून पाहण्यांत आलें. पण भागाकाराचें कारण काय, यावर पुढें दहाबारा वर्षें भांडण चाललें. प्लँकनें तो केला. एहरेनफेस्ट आणि ट्रकाल यांनीं १९२० च्या सुमारास त्यास हरकत घेतली आणि वर चार रेणूंवर सांगितली त्या धर्तीची, कोणते रेणु कोणीकडे हें मोजण्याची, समजूत पुढें केली. १९२४ सालीं ढाक्क्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशकणांची मोजणी नव्या रीतीनें केली, आइनस्टाइननें ती वायूंस लावली, आणि एकजातीय कणांस मुळांत नांवें देतांच येत नाहींत हें पुंजसिद्धांतांत स्थिर झालें. तेव्हांपासून पुष्कळ ग्रंथकार म्हणूं लागले कीं गिब्जचें कोडें पुंजसिद्धांतानेंच सुटलें. हें मला अतिशयोक्तीचें वाटतें. गिब्जचा युक्तिवाद पूर्वींच पुरा होता, त्याला रेणूंचीहि गरज नव्हती. १९०२ सालच्या आपल्या शेवटच्या ग्रंथांत, मृत्यूपूर्वीं एकच वर्ष, त्यानें सारख्या कणांच्या अदलाबदलीला नवी अवस्था मानूं नये हा पक्ष सकारण मांडला होता. अमेरिकन शास्त्रज्ञ जेन्स यानेंहि १९९२ सालीं या विषयावर लिहितांना हेंच दाखवून दिलें, आणि मॅक्सवेलचा मुद्दा पुन्हां पुढें आणला.

पुंजसिद्धांतानें मात्र एक गोष्ट खरोखर नवी दिली, आणि ती उडीच्या आक्षेपाविषयींची आहे. वायूंच्या जाती निऑन-२० आणि निऑन-२२ अशा सुट्या पायऱ्यांनीं भिन्न असतात. मधली पायरी नाहीं, म्हणून उडी दिसते. पण कणांच्या आंतरिक अवस्थांत मधल्या पायऱ्या असतात. प्रकाशकणांचें उदाहरण घ्या. एका भागांतील कण उभ्या दिशेनें ध्रुवित आणि दुसऱ्यांतील आडव्या दिशेनें असतील तर दोहोंस बिनचूक वेगळें करणारा स्फटिक मिळतो आणि पूर्ण कार्य हातीं येतें. आडव्या दिशेच्या जागीं तिरकी दिशा घेतली तर कोणताहि स्फटिक त्यांस पुरतें वेगळें करूं शकत नाहीं, आणि दिशा जुळत आली कीं मिळूं शकणारें कार्य हळूहळू कमी होत शून्यावर येतें. फॉन नॉयमान यानें १९३२ सालच्या आपल्या ग्रंथांत अशाच अर्धपारगामी पडद्यांच्या युक्तीनें हा हिशेब केला. येथें उडी नाहीं, उतार आहे. आणि त्या उतारावर कोठें किती कार्य मिळेल हें दोन अवस्थांत ओळखण्याजोगा भेद किती यावरच ठरतें.